भाव झाका, माल झाकू नका

धान्याच्या आणि जनावरांच्या बाजारात एके काळी हत्ता पद्धतीने सौदे होत. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांच्या हाताची बोटे दाबत आणि शब्द न उच्चारता भाव ठरे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला आकडा कळत नसे. शेतकऱ्याची फसवणूक होते म्हणून ही रीत पुढे नियंत्रित बाजारांतून हद्दपार झाली आणि ते योग्यच झाले. तिच्यात एक गोष्ट मात्र स्पष्ट होती. रुमालाखाली असे तो फक्त भाव. माल सर्वांसमोर उघड्यावर असे आणि तो कोणता, किती, कशा प्रतीचा याविषयी दोन्ही पक्षांना शंका नसे.

आज मोबाइलवरून दूरच्या नातेवाइकाला भेट पाठवताना नेमके याच्या उलट घडते. किंमत झाकण्याच्या नादात वस्तूचे वर्णनही झाकले जाते. घेणाऱ्याला काय येणार हे माहीत नसते आणि देणाऱ्याला काय पोहोचले हे दिसत नाही. त्यातून काय होऊ शकते, ते लातूरच्या एका आडत व्यापाऱ्याच्या घरातील व्यवहारातून चांगले समजते.

या गृहस्थांची भाची बंगळूरला असते. तिने नवा फ्लॅट घेतला आणि १३ नोव्हेंबरला गृहप्रवेश ठरला. सोयाबीनचा हंगाम ऐन भरात असल्याने मामांना पेढी सोडून जाणे शक्य नव्हते. नव्या स्वयंपाकघरात गॅसऐवजी इंडक्शनची शेगडी बसवली आहे, असे भाचीने बोलण्याच्या ओघात सांगितले होते. ते लक्षात ठेवून मामींनी इंडक्शनवर चालणारा, स्टेनलेस स्टीलचा, बाहेरच्या झाकणाचा पाच लिटरचा कुकर निवडला. छापील किंमत ४,४०० रुपये होती आणि सवलतीत तो २,९५० रुपयांना मिळाला. मागणी नोंदवताना ही भेटवस्तू असल्याच्या चौकटीत खूण केली, आशीर्वादाच्या दोन ओळी लिहिल्या, पत्ता आणि मोबाइल क्रमांक भाचीचा दिला आणि पैसे आधीच भरले. वस्तू उशिरा पोहोचू नये म्हणून आठवडाभर आधीचा दिवस निवडला. ४ नोव्हेंबरला कुकर पोहोचल्याचा संदेश मामांच्या मोबाइलवर आला आणि लातूरमध्ये सर्वांनी ते काम संपले असे मानले.

भेटवस्तूची खूण केल्याने नेमके काय झाकले जाते, हे इथेच पाहिले पाहिजे. त्या खुणेचा अर्थ इतकाच, की खोक्यासोबत जाणाऱ्या कागदावर, म्हणजे चिठ्ठीवर किंवा बिलाच्या प्रतीवर, दिलेली रक्कम छापली जात नाही. ही सोय सर्वच ठिकाणी नसते. जिथे आहे तिथेही ती प्रत्येक विक्रेत्याच्या मालाला लागू असेलच असे नाही. आपल्याकडे पुष्कळ पार्सलांवर बिलाचा कागद पारदर्शक पाकिटात घालून बाहेरच चिकटवलेला असतो, त्यामुळे ही खूण मागणीच्या शेवटच्या पानापर्यंत टिकून आहे ना, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे लागते. पत्ता घेणाऱ्याचा असला तरी हिशेबाचा पत्ता आपलाच राहिला आहे ना, हेही त्याच वेळी तपासावे.

परंतु एक आकडा या खुणेने कधीच झाकला जात नाही. तो म्हणजे वस्तूच्या खोक्यावरची कमाल किरकोळ किंमत. वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार ती सर्व करांसह छापणे बंधनकारक आहे आणि विक्रेत्याला ती खोडता, पुसता किंवा बदलता येत नाही. म्हणून भेट म्हणून गेलेल्या वस्तूवरही ती असतेच. घेणाऱ्याला आपण दिलेली रक्कम कळत नाही, पण छापील किंमत कळते. बहुतेक वेळा ती दिलेल्या रकमेपेक्षा मोठी असल्याने देणाऱ्याची त्याला हरकत नसते. लातूरच्या या व्यवहारात मात्र तोच आकडा मनस्तापाचे कारण ठरला.

बंगळूरला पोहोचलेले खोके भाचीने कपाटावर ठेवून दिले. गृहप्रवेशाच्या आधी आहेर उघडायचा नाही, सगळ्यांच्या देखत उघडायचा, ही घरची पद्धत होती. १३ तारखेला पाहुण्यांची वर्दळ होती. भेटी उघडल्या गेल्या १५ तारखेला, तेव्हा भाचीची आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, सोलापूरहून तिथेच मुक्कामाला होती. खोक्यातून निघाला तीन लिटरचा, साध्या ॲल्युमिनियमचा, इंडक्शनचा तळ नसलेला कुकर. खोक्यावर छापील किंमत होती १,४८० रुपये. भाचीने तो नव्या शेगडीवर ठेवून पाहिला, शेगडी चालू झाली नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही वस्तू चुकीची आली आहे, असे त्या घरात कोणाच्याही मनात आले नाही. येण्याचे कारणही नव्हते. मामांनी काय मागवले होते, हे त्यांना ठाऊकच नव्हते. सोबतच्या चिठ्ठीवर फक्त आशीर्वाद होता आणि वस्तूचे नाव ‘प्रेशर कुकर’ एवढेच होते. जे खोक्यातून निघाले तीच मामांची निवड, असाच अर्थ निघणार होता. गेल्या वर्षी मामांनी दुसऱ्या भाचीच्या गृहप्रवेशाला चांदीचा दिवा दिला होता. बहिणीने १,४८० हा आकडा वाचला आणि ती गप्प बसली. भाचीने मामांना संदेश पाठवला: ‘मामा, भेट मिळाली. खूप छान आहे.’ भेटीत खोट काढणे हा आपल्या घरांत असभ्यपणा मानला जातो, त्यामुळे तिने याहून वेगळे लिहिणे शक्यही नव्हते. लातूरला तो संदेश वाचून समाधान वाटले.

कदाचित ही गोष्ट कायमची तशीच राहिली असती आणि भाऊ-बहिणीत एक बारीक काटा रुतून बसला असता. २१ तारखेला मामींनी नणंदेला सहज फोन केला आणि विचारले, “ताई, पाच लिटरचा कुकर पुरतो ना त्यांना? पाहुणे आले म्हणजे लहान पडायला नको.” पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग उत्तर आले, “पाचचा कुठला वहिनी, तीनचा आहे. पण असू दे हो, देणाऱ्याचं मन मोठं.” त्या शेवटच्या वाक्यात काय दडले आहे, हे मामींना लगेच उमगले. त्यांनी फोन मामांच्या हाती दिला. पुढच्या पाच मिनिटांत छापील किंमत, ॲल्युमिनियम, न पेटलेली शेगडी असे सारे बाहेर आले. मामांनी मग मागणीचे वर्णन शब्दशः वाचून दाखवले आणि बहिणीचा आवाज बदलला.

मन मोकळे झाले, वस्तूचा प्रश्न मात्र आता सुरू झाला. मामांनी आपल्या खात्यात जाऊन मागणी उघडली, तर परत करण्याचा पर्यायच दिसेना. या वस्तूसाठी परतीची मुदत दहा दिवसांची होती. ती मोजली जाते वस्तू घरपोच झाल्याच्या दिवसापासून. खोके केव्हा उघडले याच्याशी तिचा संबंध नसतो. ४ तारखेला पोहोचलेल्या कुकरची मुदत १४ तारखेला संपली होती आणि खोके उघडले गेले १५ तारखेला. वस्तू वेळेत पोहोचावी म्हणून केलेली घाईच मामांना भोवली. कुकर १२ तारखेला पोहोचला असता, तर २२ पर्यंत वेळ मिळाला असता.

दुसरी अडचण खात्याची होती. वस्तू भाचीच्या हातात, पण खाते मामांचे. तिने आपल्या मोबाइलवर कितीही शोधले तरी ती मागणी तिला दिसणार नव्हती. परत करण्याची नोंद सामान्यतः ज्याच्या खात्यातून खरेदी झाली त्यालाच करता येते आणि रक्कमही ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने त्याच्याकडे परत येते. थोडक्यात, चूक ज्याला दिसते त्याच्या हाती अधिकार नसतो आणि अधिकार ज्याच्या हाती असतो त्याला चूक दिसत नाही. भेटीच्या व्यवहारातली खरी फट हीच आहे.

ग्राहक सेवेच्या फोनवर मामांना ‘मुदत संपली’ एवढेच उत्तर मिळाले. इथे बरेच लोक थांबतात. मामांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वस्तू आवडली नाही, माप बसले नाही, दोन भेटी सारख्या आल्या, अशा कारणांसाठी मिळणारी परतीची मुदत ही विक्रेत्याने दिलेली सवलत असते आणि तिथे दिवसांची अट त्याने घालावी हे समजण्यासारखे आहे. परंतु मागवले एक आणि आले दुसरे, ही सवलतीची बाब नाही. तो ठरलेला सौदा न पाळण्याचा प्रकार आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या अथवा ठरलेल्या वैशिष्ट्यांची नसेल, तर ती परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्या नियमात दहा दिवसांचा उल्लेख नाही. मात्र जितका उशीर, तितके ‘खोक्यातून हेच निघाले’ हे पटवून देणे कठीण, ही व्यवहारातली बाजू विसरून चालत नाही.

‘वस्तू वापरणारी व्यक्ती आमची ग्राहकच नाही’ असे उत्तर मिळण्याचीही काहींना भीती वाटते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ग्राहकाच्या व्याख्येत पैसे देऊन खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही येते. त्यामुळे भाचीही कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच होती.

त्या संध्याकाळी मामांनी भाचीकडून चार छायाचित्रे मागवली. पहिले बाहेरच्या पार्सलवरच्या पत्त्याच्या चिठ्ठीचे, ज्यात मागणीचा क्रमांक आणि वजन वाचता येईल. दुसरे कुकरच्या खोक्याच्या त्या बाजूचे, जिथे आकारमान, प्रकार आणि छापील किंमत एकत्र असते. तिसरे कुकरच्या तळाचे. चौथे तळाला लावलेले लोहचुंबक चिकटत नाही हे दाखवणारे, कारण ज्या तळाला चुंबक चिकटत नाही ते भांडे इंडक्शनवर तापत नाही. सुदैवाने नव्या घरात सामान लावण्याच्या गडबडीत बाहेरचे पार्सल रद्दीत गेलेले नव्हते. त्या चिठ्ठीवाचून पुरावा बराच लंगडा पडला असता.

मग त्यांनी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवली. या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणे २०२० च्या नियमांनुसार आवश्यक आहे. त्याने ४८ तासांच्या आत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. तक्रार मोजकी होती. मागणीचा क्रमांक, पोहोचल्याची तारीख, मागवलेल्या वस्तूचे वर्णन, आलेल्या वस्तूचे वर्णन, भेट असल्याने खोके १५ तारखेला उघडले गेले हा खुलासा आणि शेवटी मागणी: मागवलेली वस्तू द्यावी, अथवा पूर्ण रक्कम. कारणाच्या जागी त्यांनी ‘चुकीची वस्तू आली’ असेच लिहिले. हे कारण महत्त्वाचे असते. पुष्कळ जण वाद नको म्हणून ‘आता गरज नाही’ हे कारण निवडतात. त्याने चूक आपल्या गळ्यात येते, परतीचा खर्च वजा होऊ शकतो आणि काही वस्तू तर त्या कारणाने परत घेतल्याच जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोच आली आणि अकराव्या दिवशी निर्णय आला. विक्रेत्याने चूक मान्य केली होती, पण ती वस्तू त्याच्याकडे शिल्लक नसल्याने बदली न देता पैसे परत करण्याचे ठरले. कुकर भाचीच्या घरूनच उचलला जायचा होता. म्हणून उचलणारा माणूस कोणत्या दिवशी येईल, तो खोके, झाकण, शिटी आणि पुस्तिका पाहून घेईल, एखादा भाग कमी निघाला तर वस्तू न नेताच परत जाईल, हे मामांनी तिला आधी सांगून ठेवले. मिळालेली पोच तिने छायाचित्र काढून पाठवली. आणखी एक सूचना त्यांनी न विसरता दिली. परतीचे पैसे द्यायचे आहेत असे सांगून कोणी पिन किंवा सांकेतिक क्रमांक मागितला, तर फोन ठेवून द्यायचा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो लागतो फक्त पैसे देण्यासाठी. परतीच्या नावाखाली येणारे खोटे फोन नेमक्या याच वेळी माणसाला गाठतात.

चार दिवसांनी २,९५० रुपये मामांच्या खात्यात जमा झाले. तोवर सवलत संपली होती आणि तोच कुकर ३,४०० रुपयांना झाला होता. वरचे ४५० रुपये घालून त्यांनी तो पुन्हा मागवला. पैसे परत मिळणे आणि सौदा परत मिळणे यांत असा फरक असतो. सवलतीच्या दिवसांत घेतलेल्या वस्तूबाबत शिल्लक असेल तर बदली वस्तूच मागावी. ती जुन्याच भावात मिळते.

तो फरक मामांनी मनावर घेतला नाही. त्यांना खुपले ते सोलापूरच्या बहिणीचे सहा दिवसांचे मौन. त्यात तिचा दोष नव्हता, भाचीचाही नव्हता. घेणाऱ्याने भेटीची तक्रार करू नये हा संस्कार चांगलाच आहे आणि तो मोडायला कोणाला सांगता येणार नाही. म्हणून वस्तूची चौकशी करण्याची जबाबदारी देणाऱ्यावरच येते. ‘आवडली का?’ हा प्रश्न त्यासाठी उपयोगाचा नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी एकच असते. ‘पाच लिटरचा, बाहेरच्या झाकणाचा, स्टीलचा आला ना?’ असे विचारले, तरच खरे उत्तर मिळते. मामींच्या फोनने हेच साधले, तेही अनवधानाने.

त्या घरात आता रीत बदलली आहे. दुसऱ्या वेळी कुकर पाठवताना मामांनी तो पोहोचण्याच्या दिवशीच भाचीला संदेश लिहिला: ‘स्टेनलेस स्टील, पाच लिटर, बाहेरचे झाकण, इंडक्शन तळ. आजच उघडून पाहा आणि तळाला चुंबक लावून बघ. बाहेरचे खोके पंधरा दिवस टाकू नकोस.’ वर्णन त्यांनी हाताने लिहिले, कारण वस्तूचा दुवा पाठवला असता तर त्यासोबत किंमतही उघडी पडली असती आणि पडद्याचे छायाचित्र पाठवले असते तर तिथेही कोपऱ्यात आकडा राहिला असता. जिथे भेट कार्याच्या दिवशीच उघडायची असेल, तिथे ते घरातल्या एका जाणत्या माणसाला विश्वासात घेतात. जावईबापू किंवा विहीणबाई खोके आधी उघडून वर्णनाशी ताडून पाहतात आणि पुन्हा बंद करून ठेवतात. कार्याची शोभा राहते आणि मुदतही हातची जात नाही. तेही शक्य नसेल, तर वस्तू कार्याच्या दोनच दिवस आधी पोहोचेल असा दिवस निवडतात.

बिलाबाबतही त्यांनी एक नियम केला आहे. किंमत झाकलेली असल्याने बिल घेणाऱ्याकडे नसते, पण कुकर, मिक्सर, पंखा यांसारख्या वस्तूंची हमी बिलावाचून सहसा मिळत नाही. म्हणून ते बिल खात्यातून उतरवून घेतात आणि भाचीच्या नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवतात. दुरुस्तीची वेळ आली की तिने नुसते कळवायचे. हे बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घेण्याचा मोह त्यांच्या मुलाला झाला होता. मामांनी त्याला थांबवले. घरगुती भेट हा पेढीचा खर्च नव्हे आणि केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे भेट म्हणून दिलेल्या मालावरच्या कराचे क्रेडिट घेताही येत नाही.

दुसरा कुकर पोहोचला त्या दिवशी भाचीने तासाभरात उत्तर दिले, ‘मामा, चुंबक चिकटलं.’ सोबत डाळ शिजत असल्याचे छायाचित्र होते. किंमत किती, हे तिने विचारले नाही. खोक्यावरचा ४,४०० चा आकडा तिने वाचला असेलच. मामांनी प्रत्यक्षात किती दिले, हे मात्र अजूनही लातूरच्या वहीतच आहे.